३४ स्लाइड्स, ४० मिनिटं आणि एक तांब्या: जुलाबावरचं सत्र बचत गटात बोलायचं कसं?

वैशाली_पर्वती

नमस्कार मंडळी. थोडं लांबलंय, पण अडकलेय म्हणून लिहितेय.

मी एका लहान संस्थेत काम करते. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत आमचे तीन बचत गट आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर आरोग्य स्वयंसेविकांचं प्रशिक्षण झालं, त्याच्या स्लाइड्स आमच्याकडे आल्या. विषय 'बालकांमधील अतिसार व्यवस्थापन', एकूण ३४ स्लाइड्स. वरून निरोप आला की हेच गटातल्या बायकांना सांगून टाका.

पहिल्या गटात मी सरळ प्रिंट काढून वाचून दाखवलं. गटात पडदा नाही, प्रोजेक्टर नाही, समाजमंदिरातला पंखा तेवढा आहे. १८ बायका होत्या. मध्येमध्ये 'कळलं ना?' विचारलं, सगळ्या 'हो' म्हणाल्या. शेवटी सगळ्यांना ओआरएसचं एकेक पाकीट दिलं आणि चहा झाला.

दहा दिवसांनी अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं की त्याच गटातल्या एकीने लेकराला जुलाब झाल्यावर अख्खं पाकीट एका पेल्यात कालवलं. लेकराने दोन घोट घेऊन थुंकलं म्हणून निभावलं. ती बाई माझ्या समोर, पहिल्या रांगेत बसली होती. 'एक लिटर स्वच्छ पाण्यात संपूर्ण पाकीट विरघळवावे' हे वाक्य मी तिच्याकडे बघत वाचलं होतं.

अजून दोन गट बाकी आहेत. तिथे मी बोलणार नाही, आमच्या दोन स्वयंसेविका बोलतील. दोघी दहावीपर्यंत शिकलेल्या, बोलायला पटाईत, पण कागद हातात आला की वाचायला लागतात. वेळ ४० मिनिटं, कारण धुण्याभांड्याची कामं उरकून बायका तीनला येतात आणि चारनंतर कुणी थांबत नाही. ३४ मधलं ठेवायचं काय, गाळायचं काय आणि त्या दोघींच्या हातात कागद द्यायचा तो कसा?

---

अक्षरयात्री

स्लाइड्स जुन्या फॉन्टमध्ये आहेत का? तसं असेल तर कॉपी-पेस्ट केल्यावर सगळं विचित्र दिसतं. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या. मग एका पानावर सहा स्लाइड्स अशी छपाई केली की ३४ च्या सहा पानांत बसतात. अक्षर १४ च्या खाली नको.

---

वैशाली_पर्वती

फॉन्टचा त्रास खरंच होता, दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. पण आता छापायचं नाहीये दादा, बोलायचंय. सहा पानं दिली तर त्या सहा पानं वाचतील.

---

निवृत्त_सिस्टर

वैशाली, पेल्यात पाकीट कालवणारी बाई तुझ्या गटात निघाली हे बरं झालं. तिने केलं ते कळलं तरी. बाकीच्या सतरा जणींनी काय केलं असेल ते कुणालाच माहीत नाही.

मी भोरच्या बाजूला वीस वर्षं काढली, नंतर शहरात. स्लाइड्स आल्या की मी त्यांचे तीन ढीग करायचे. एक साहेबाचा, एक आशाचा, एक आईचा. देशात किती बालमृत्यू, कोणते जंतू, अभियानाची उद्दिष्टं हा साहेबाचा ढीग. 'अ योजना, ब योजना, क योजना', कातडी चिमटीत धरून बघणं, नोंदवही आणि अहवाल हा आशाचा. आईच्या ढिगात ती स्लाइड, जिच्यामुळे घरी गेल्यावर बाईच्या हातून काहीतरी वेगळं होईल. तुझ्या ३४ मधल्या फार तर आठ निघतील आणि त्या आठांतही गोष्टी चारच असतील. पाकीट कसं कालवायचं, किती पाजायचं, गोळी किती दिवस द्यायची आणि रिक्षा कधी पकडायची. ४० मिनिटांत यापेक्षा जास्त कुणाच्याच डोक्यात उतरत नाही, तुझ्यामाझ्याही.

पण नुसतं गाळून भागत नाही. बहुतेक स्लाइड्समध्ये एक वाक्य नसतंच आणि ते नसेल तर बाकीचं सगळं वाया जातं. पाकिटाने जुलाब थांबत नाहीत. स्लाइडवर मथळा असतो 'अतिसारावर उपचार: ओआरएस'. बाई ऐकते की हे जुलाबाचं औषध. घरी जाते, दोन वेळा पाजते, पोर आणखी दोनदा करतं आणि ती पाकीट फेकून मेडिकलवाल्याकडून बंद करायची गोळी आणते. तिच्या दृष्टीने ती बरोबरच आहे, औषध लागू पडलं नाही म्हणून तिने बदललं. म्हणून पहिलं वाक्य हेच हवं: 'ह्या पाकिटाने शी थांबणार नाही. ती आपली तीन-चार दिवसांत, कधी आठवड्यात थांबेल. पाकीट आहे ते लेकरू सुकू नये म्हणून.'

---

पराग_कोथरूड

सिस्टर, पटलं. पण पाकिटाचा एवढा घोळ होतोय तर घरचं मीठ-साखरेचं पाणीच का शिकवू नये? एक लिटरला सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. पाकीट संपलं तरी अडत नाही. आणि मापासाठी अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी प्रत्येक घरात असते, दोनदा भरली की लिटर.

शिवाय हल्ली तयार डबेही मिळतात मेडिकलमध्ये, कालवायची भानगडच नाही.

---

निवृत्त_सिस्टर

परागदादा, माप तुमचं बरोबर आहे, पण ते सपाट चमच्याचं आहे. चहाचा लहान चमचा, वर शीग नाही. आता घरात जाऊन बघा. साखर आपण शिगोशीग घेतो आणि मीठ चिमटीने टाकतो. मीठ जास्त पडलं तर पेल्यात पाकीट कालवण्यासारखंच झालं. पाकीट हाताशी असताना हे शिकवलं तर दोन पद्धती डोक्यात मिसळतात. एका बाईने पाकिटातच वरून सहा चमचे साखर घातलेली मी बघितली आहे, कारण तिला दोन्ही आठवत होतं. पाकीट मिळेपर्यंत पेज, ताक, डाळीचं पाणी, अंगावरचं दूध, एवढं पुरे. मीठ-साखर सांगायचीच असेल तर वेगळ्या दिवशी, चव घेऊन. डोळ्यातल्या पाण्याहून खारट लागलं तर ओतून द्यायचं.

दुधाची पिशवी कोपऱ्याला कापलेली असते, ती पूर्ण भरत नाही. आणि कापलेली पिशवी आतून धुऊन बघा, वास जातो का.

तयार डब्यांचं म्हणाल तर त्यातले कितीतरी साखरेचं सरबतच आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने म्हणूनच सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांना नावात ओआरएस हा शब्द लावायचा नाही. जुलाबात जास्त साखर गेली की शी आणखी पातळ होते. गटात हे सगळं सांगत बसू नका, 'डबा नाही, पाकीट' एवढंच.

---

पराग_कोथरूड

पिशवीचं मागे घेतो. 😀 शीग हा मुद्दा डोक्यातच आला नव्हता.

---

सुनंदा_धायरी

आमच्याकडे २०२५ च्या जानेवारीत जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पडतात त्या आजाराचे, रुग्ण निघाले तेव्हा सगळी सिंहगड रोडची पट्टी घाबरली होती. नांदेड, किरकटवाडी, आमची धायरी. पाणी उकळून प्या म्हणून रोज निरोप. माझ्या नातवाला तेव्हा नुसते साधे जुलाब झाले तरी आम्ही त्याचे पाय हलतात का ते तासातासाला बघत होतो. तुमच्या सत्रात पाण्याबद्दल काहीच नाही हे मला खटकलं. आजार पाण्यातून येतो आणि तुम्ही पाणीच गाळताय.

---

वैशाली_पर्वती

सुनंदाकाकू, तुमचं खटकणं योग्य आहे. स्लाइड्समध्ये हात धुण्याच्या तीन आणि पाण्याच्या दोन आहेत. पण ४० मिनिटं. मी विचार करते.

---

निवृत्त_सिस्टर

सुनंदाताई, मी पाण्याचं सत्र वेगळं घेईन. एकाच बैठकीत 'जुलाब होऊ नयेत म्हणून' आणि 'झाले तर' असं दोन्ही घेतलं की बायका पहिलं ऐकून घेतात, कारण ते ओळखीचं आहे आणि दुसऱ्याला वेळ उरत नाही. पण याबद्दल माझ्या बरोबरीच्या कितीतरी सिस्टरांचं मत वेगळं होतं. त्या म्हणायच्या, बाया पुन्हा येतील याची काय खात्री.

---

सुनंदा_धायरी

तेच म्हणते मी. तुमच्या सहकारी बरोबर होत्या.

---

माधवी_कार्यकर्ती

मी येरवड्याच्या बाजूला गट चालवते. वैशाली, शब्दांचं आधी बघ. तुझ्या स्लाइडवर 'निर्जलीकरण' असेल. आमच्याकडे ताई ते मोठ्याने वाचायची तेव्हा एक आजी म्हणाल्या, 'आमच्या नळाला झालंय तसंच का?' सगळ्या हसल्या आणि खरं तर तीच व्याख्या चांगली होती. आम्ही तेव्हापासून 'लेकरू सुकतं' म्हणतो. 'अतिसार' कुणी म्हणत नाही, 'जुलाब' म्हणतात, 'पातळ शी' म्हणतात, सोलापूरकडच्या बायका 'हगवण'. 'तात्काळ संदर्भित करावे' याचं मराठी 'रिक्षा पकडा'.

दुसरं, समज खोडायला जाऊ नको. 'दात येताना व्हायचेच जुलाब' हे दहातल्या आठ जणी म्हणतील. त्यावर वाद घातलास तर त्यातच वीस मिनिटं जातात आणि सासवा उठून जातात. आम्ही म्हणतो, 'दाताचे असोत नाहीतर कशाचे, पाणी तर अंगातूनच जातंय ना?' पुढे चालू.

---

वैशाली_पर्वती

हे सोन्यासारखं आहे माधवी.

बरं, मी कागद बनवलाय, अर्धं पान. स्वयंसेविकांना वाचता येणार नाही अशा बेताने लिहिलाय, म्हणजे पूर्ण वाक्यं फक्त तीन, बाकी कधी काय करायचं तेवढंच. बघा आणि कापा.

सुरुवातीला प्रश्न: 'मागच्या पावसाळ्यात कुणाच्या लेकराला जुलाब लागले होते? पहिलं काय दिलंत?' पाच मिनिटं नुसतं ऐकायचं, चूक म्हणायचं नाही.

मग प्लास्टिकची बाटली. बुडाला खिळ्याने भोक पाडलेली, भोकावर बोट. बोट काढायचं, पाणी गळायला लागतं. विचारायचं, 'आता बाटली रिकामी होऊ नये म्हणून काय कराल?' कुणीतरी म्हणतेच, 'वरून ओता.' तेव्हा पहिलं पूर्ण वाक्य: 'पाकिटाने शी थांबत नाही, लेकरू सुकत नाही.'

मग कालवणं. स्वयंसेविका एकदा कालवून दाखवते. नंतर किती पाजायचं, नंतर झिंकची गोळी १४ दिवस, नंतर रिक्षा कधी. शेवटी प्रश्न-उत्तरं.

---

निवृत्त_सिस्टर

सुरुवात छान. बाटली तर फारच छान, पण एक लक्षात ठेव. बायका विचारतील, 'मग भोक बुजवायचं औषध का नाही?' तू उत्तर देऊ नकोस, स्वयंसेविकेला शिकवून ठेव: 'भोक आपलं आपणच बुजतं, थोडे दिवस लागतात. तोवर ओतत राहायचं.' लहान मुलाला घरच्या घरी बंद करायची गोळी द्यायची नाही, तेही इथेच सांगायचं.

कालवण्याचं मात्र बदल. स्वयंसेविकेने कालवून दाखवायचं नाही, बायकांनी कालवायचं. आणि संस्थेच्या मापाच्या भांड्यात नाही, आपापल्या घरच्या तांब्यात. आदल्या दिवशी निरोप द्यायचा: 'ज्या भांड्यात घरी कालवाल ते घेऊन या.' एक लिटरची रिकामी पाण्याची बाटली तू ने. प्रत्येकीच्या भांड्यात ती एकदा ओतायची. मी केलं होतं तेव्हा पाच तांबे आले, त्यातल्या दोघांत लिटर मावलंच नाही, एक उतू गेला आणि एका कळशीवजा भांड्यात लिटर तळाशी दिसत होता. ज्या बाईच्या तांब्यात लिटर मावत नव्हतं ती आयुष्यभर तांब्या म्हणजे लिटर समजत होती. जिथे पाणी येतं तिथे बाहेरून नेलपॉलिशची रेघ ओढायची. नेलपॉलिश स्टीलवर महिनाभर टिकतं, मग पुसट होतं, पण तोवर हाताला माप बसतं.

आणि तुझ्या संस्थेने कोणतं पाकीट दिलं ते आधी बघ. बाजारात दोन आहेत. मोठं एक लिटरचं, आणि लहान २०० मिलीचं, म्हणजे एका पेल्याचं. तुझ्या त्या ताईने पूर्वी कधी मेडिकलमधून लहान आणलं असेल तर पेल्यात कालवणं तेव्हा बरोबरच होतं. तिला अडाणी समजू नकोस.

---

वैशाली_पर्वती

सिस्टर, आत्ता फोन करून विचारलं. तसंच निघालं. मागच्या वर्षी तिच्या जावेने लहान पाकीट आणलं होतं, त्याच्यावर पेल्याचं चित्र होतं. तिला ते आठवत होतं. आम्ही दिलं ते लिटरचं. म्हणजे तिच्या पेल्यात पाचपट झालं.

मी आठवडाभर मनात तिलाच दोष देत होते.

---

पराग_कोथरूड

पाचपट खारट पाणी दिलं तर नेमकं होतं काय? साधा प्रश्न आहे.

---

निवृत्त_सिस्टर

रक्तातलं मीठ वाढतं. लेकरू चिडचिडं होतं, तहान भागतच नाही, जास्त झालं तर झटके येऊ शकतात. म्हणून त्याने थुंकलं ते बरंच केलं. आणि उलट बाजूने, अर्धं पाकीट लिटरभर पाण्यात घातलं, उरलेलं घडी घालून उद्याला ठेवलं, तर पाणी फिकं होतं आणि घडी घातलेल्या पाकिटाला ओल लागते. हे शहरात जास्त होतं, कारण बायकांना लिटरभर वाया जाईल असं वाटतं. सांगायचं की कालवलेलं झाकून २४ तास चालतं, त्यानंतर ओतून द्यायचं आणि नवं. वाया गेलं तर जाऊ दे, पाकीट सरकारी दवाखान्यात आणि अंगणवाडीत फुकट मिळतं. कालवल्यावर उकळायचं नाही आणि दुधात घालायचं नाही. पाणी उकळायचं असेल तर आधी उकळून गार करायचं.

---

माधवी_कार्यकर्ती

'किती पाजायचं' ला मी आमचं सांगते. स्लाइडवर मिली असतं, आम्ही पेला धरतो. दोन वर्षांच्या आतल्याला प्रत्येक पातळ शीनंतर पाव ते अर्धा पेला, दोनच्या वरच्याला अर्धा ते एक. अगदी तान्हं, दोन महिन्यांच्या आतलं असेल तर पाच चमचे, आणि त्याला घेऊन लगेच दवाखान्यात. घटाघटा पाजायचं नाही, चमच्याने किंवा घोट-घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, हळू. हे आम्ही बाहुलीवर करून दाखवतो, कारण बायका नाक दाबून पाजायला जातात.

---

निवृत्त_सिस्टर

अगदी बरोबर. उलटी झाली म्हणून थांबतात, इथेच सगळ्यात जास्त चुकतं.

झिंकचं सांगते, तिथे स्लाइड खूप आणि समज कमी असतो. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत रोज एक, २० मिलिग्रॅमची. दोन ते सहा महिन्यांना अर्धी. चमच्यात पाणी किंवा अंगावरचं दूध घेऊन विरघळवायची. १४ दिवस. आणि अडचण अशी की जुलाब चौथ्या दिवशी थांबतात, मग पाचव्या दिवशी गोळी कोण देणार? पोर बरं दिसतंय, गोळी कडवट धातूसारखी लागते, पोर तोंड फिरवतं. बाईला 'पुन्हा जुलाब होऊ नयेत म्हणून पुढच्या दोन-तीन महिन्यांसाठी ही गोळी' असं कारण दिलं तर ती देते. नुसतं '१४ दिवस' म्हटलं तर देत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सत्रातच चौदा चौकटींवर पेनने टिंब काढून दाखव, रोज एक टिंब खोडायचं. ज्यांच्याकडे कॅलेंडर नाही त्या गोळ्यांची पट्टीच भिंतीला खिळ्याला टांगतात, रिकामा कप्पा दिसतो.

---

किशोर_हडपसर

रिक्षा कधी पकडायची याची यादी किती ठेवायची? आमच्या प्रशिक्षणात नऊ लक्षणं होती. बायकोला सांगितली तर तिला दोनच आठवली, आणि दोन्ही चुकीची. मला वाटतं तीनच ठेवा.

---

निवृत्त_सिस्टर

किशोर, तीन थोडी कमी पडतील. मी चार धरायचे, एका हाताच्या चार बोटांवर. एक, पीत नाही किंवा अंगावर ओढत नाही. दोन, पाजलेलं सगळंच उलटतं. तीन, हलवलं तरी मरगळून पडून राहतं. चार, शीत रक्त दिसतं. अंगठा वर करून म्हणायचे, 'आणि तान्हं असेल तर वाट न बघता.' बोटं मोडत म्हटलं की म्हाताऱ्यांनाही राहतं. पाठ झालं की बायका आपणच एकमेकींना बोटं दाखवतात.

कातडी चिमटीत धरून बघणं मी आईच्या ढिगात कधीच घातलं नाही. हडकुळ्या पोराची कातडी तशीही उशिरा मागे जाते, आणि गुबगुबीत पोर सुकलं तरी ती लवकर मागे जाते. आई बघते आणि म्हणते, 'गेली की मागे', आणि थांबते. ते आशाने बघावं.

---

किशोर_हडपसर

डोळे खोल गेलेले, ते का नाही? ते तर दिसतं.

---

निवृत्त_सिस्टर

ते मी दोन्ही बाजूंनी ऐकलंय. आई म्हणते तेव्हा ते खरं असतं, कारण तिला कालचा चेहरा माहीत असतो. पण काही लेकरांचे डोळे मुळातच तसे असतात आणि मग आई घाबरून विनाकारण धावते. विनाकारण धावलेली बरी असं कुणी म्हटलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

---

वैशाली_पर्वती

झालं सत्र, मंगळवारी, दुसऱ्या गटात. लिहायला उशीर झाला.

आमच्या दोघींपैकी एकीने घेतलं, मी मागे भिंतीला टेकून बसले. निरोप दिला होता तरी २१ जणींपैकी नऊच जणींनी भांडी आणली. बाकीच्या म्हणाल्या, 'बचत गटात तांब्या कशाला?' नऊ भांड्यांत पाणी ओतलं. सहांत लिटर मावलं, दोन तांब्यांतून उतू गेलं आणि एक ताई चहाचं पातेलं घेऊन आल्या होत्या, ते निम्मं भरलं. त्यांनी पातेल्यालाच नेलपॉलिश लावून घेतलं. ज्यांनी भांडं आणलं नव्हतं त्या बाटलीच मागायला लागल्या, म्हणून आता भंगारवाल्याकडून २५ बाटल्या आणून उकळत्या पाण्याने धुवायच्या ठरवल्यात. उकळत्या पाण्याने त्या चुरगळतील का, हे आत्ता लिहिताना सुचलं.

बाटलीच्या भोकाचा खेळ चालला, पण पाणी सतरंजीवर सांडलं आणि पाच मिनिटं पुसण्यात गेली. पुढच्या वेळी परात ठेवायची.

शेवटी 'कळलं ना' काढून टाकलं. सिस्टर, तुम्ही सांगितलं नव्हतंत, पण मला जे खुपलं होतं त्यावरून ठरवलं. स्वयंसेविका म्हणाली, 'मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. तुमची सासू दारात उभी आहे आणि म्हणतेय, कशाला पाजतेस, आणखी होईल. तिला काय सांगाल?' एक गप्प बसणारी ताई उठली आणि सासूच्याच आवाजात भांडायला लागली. खोली हसून लोळली. पण तिने उत्तर काय दिलं माहितीये? 'आई, पाकिटाने जुलाब थांबतात.' नेमकं तेच, जे नाही सांगायचं. दुसरीने लगेच टोकलं, 'थांबत नाहीत गं, सुकत नाही.' ते वाक्य मग त्यांनीच चार वेळा म्हटलं.

दोन गोष्टी राहिल्या. झिंकला सात मिनिटं मिळाली, कॅलेंडरवर टिंबं झालीच नाहीत. आणि पाचजणी कन्नड बोलणाऱ्या होत्या, त्यांच्यातली एक दुसरीला हळूच सांगत होती, ती काय सांगत होती ते मला कळलं नाही.

---

माधवी_कार्यकर्ती

त्या सांगणारीला पुढच्या वेळी पुढे बसव आणि आधी एकदा बोलून ठेव. ती तुझी तिसरी स्वयंसेविका आहे, फक्त तिला ते माहीत नाही. आणि झिंक अर्ध्या तासाच्या आधी घे, नाहीतर ते दर वेळी राहणार.

---

निवृत्त_सिस्टर

वैशाली, दोन आठवड्यांनी त्या नऊ भांडीवालींपैकी दोघी-तिघींच्या घरी जा. सहज गेल्यासारखं. रेघ आहे का बघ आणि पाकीट कुठे ठेवलंय ते विचार. देवाऱ्याजवळ ठेवलेलं असेल तर ते वापरलं जाईल, ट्रंकेत असेल तर नाही.

बाटल्या उकळत्या पाण्याने चुरगळतात. कोमट पाणी आणि साबण.

---

सुनंदा_धायरी

आणि पाण्याचं सत्र कधी?

---

वैशाली_पर्वती

काकू, तिसरा गट झाला की. तारीख टाकते इथेच.